हिंदी आवृत्तीत मजकूर आवाजाच्या मागे-पुढे का पळतो? दोन भाषांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट दुरुस्त करताना

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. दीड मिनिटाचा माहितीपट आधी मराठीत तयार होतो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी ठिबकचा फिल्टर कसा धुवायचा, असा काहीतरी विषय. मराठीत सगळं जुळलेलं असतं. मग तोच व्हिडिओ पलीकडे बुऱ्हाणपूरच्या शेतकऱ्यांसाठी हिंदीत करायचा ठरतो. चित्र तेच, आवाज नवा, स्क्रीनवरचा मजकूर भाषांतरित. आणि तिसऱ्या दृश्यापासून घोळ सुरू होतो. निवेदक अजून गेजबद्दल बोलतोय आणि स्क्रीनवर ‘जाली धोइए’ येऊन गेलेलंसुद्धा असतं. कोणीतरी टाइमलाइनवर मजकूर पुढे सरकवतो. तिसरं दृश्य जुळतं, सहावं बिघडतं.

सरकवासरकवी करण्याआधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. व्हिडिओत तीन जागा घ्या, सुरुवातीची, मधली आणि शेवटची. प्रत्येक ठिकाणी बोललेला शब्द आणि त्याचा मजकूर यांत किती सेकंदांचा फरक आहे ते कागदावर लिहा. हे करताना वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा एखादा-दुसरा दशांश जास्त लागतो, त्यामुळे नीट असलेला मजकूरही आधी आल्यासारखा वाटतो आणि नसलेल्या रोगावर औषध सुरू होतं.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर काम किरकोळ आहे. आवाजाच्या फाइलच्या सुरुवातीला शांतता राहून गेलेली असते. पूर्ण ट्रॅक तेवढा मागे ओढा, संपलं.

फरक एकसारखा वाढत जात असेल, तर संशय फ्रेम रेटवर घ्यायचा, पण हिशेब करून. २९.९७ आणि ३० यांची गल्लत झाली, तर नव्वद सेकंदांत जेमतेम ०.०९ सेकंदाचा फरक पडतो. तो डोळ्याला कळत नाही. तुमचा मजकूर शेवटी दोन सेकंद चुकत असेल, तर दोष यात नाही. खरा चोर बहुतेक वेळा मोबाइलचं शूटिंग असतं. फोन उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमी-जास्त करतो आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर ते नीट वाचत नाहीत. आधी तपासा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of csv=p=0 phone.mp4
```

दोन आकडे वेगळे आले, तर एडिटिंगला बसण्याआधीच क्लिप ठरावीक फ्रेम रेटची करून घ्या:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -ar 48000 phone_25.mp4
```

तिसरी जात म्हणजे फरक कधी पुढे, कधी मागे, दृश्यागणिक वेगळा. दोन भाषांच्या व्हिडिओत दहातल्या बहुतेक तक्रारी याच निघतात. याचं मूळ टाइमलाइनमध्ये नसून स्क्रिप्टमध्ये असतं, त्यामुळे पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

एकूण वेळ जुळवण्याचा फसवा उपाय

मराठी निवेदन ९० सेकंदांचं आणि हिंदी रेकॉर्ड होऊन १०४ सेकंदांचं आलं, असं धरा. मनात पहिलं येतं ते हे की, हिंदीचा वेग पंधरा-सोळा टक्के वाढवू, दोन्ही ९० वर बसतील. बसतातही. पण जास्तीचे १४ सेकंद सगळ्या दृश्यांत सारखे वाटलेले नसतात. त्यातले चार-पाच सेकंद एकट्या तिसऱ्या दृश्यातले असतात आणि पाचव्यात हिंदी मराठीपेक्षा आखूड असते. वेग वाढवल्यावर तिसरं दृश्य तरीही लांब उरतं आणि पाचवं आणखी आखूड होतं. ओळखायची खूण अशी की सुरुवात जुळते, शेवट जुळतो आणि मधलं सगळं हुकतं. शिवाय निवेदक घाईत असल्यासारखा वाटतो, ते वेगळंच.

म्हणून एकूण वेळ जुळवायची नाही. प्रत्येक दृश्याची हद्द जुळवायची. तिसरं दृश्य मराठीत जिथे सुरू होतं आणि जिथे संपतं, हिंदीतही तिथेच. त्या हद्दीच्या आत मात्र मजकूर ज्या त्या भाषेतल्या शब्दावर येईल, सेकंदावर नाही. चित्र एकच ठेवून हे साधतं आणि एखाद्या दृश्यात चूक राहिली, तरी ती पुढच्या दृश्यात सांडत नाही.

दोन भाषांच्या दोन वेगळ्या फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायच्या असतील, तर दोन टाइमलाइन वेगवेगळ्या लांबीच्या ठेवल्या तरी चालतात. पण पुढे यूट्यूबवर एकाच व्हिडिओला दोन ऑडिओ ट्रॅक लावायची वेळ आली, की लांबी सारखी लागते. शिवाय ज्या मजकुराची जागा बदलायची तो चित्रातच कायमचा उमटवलेला असेल, तर ट्रॅक बदलून उपयोग नाही. तेव्हा मजकूर सबटायटल म्हणून वेगळा द्यावा लागतो. हा निर्णय शूटिंगच्या आधी घ्या.

तिसरं दृश्य जवळून

चित्र असं: फिल्टरच्या दोन बाजूंना दोन प्रेशर गेज, मग हात झाकण उघडून जाळी बाहेर काढतो. मराठी निवेदन:

‘फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला, की जाळी काढून धुवा.’

भाषांतरकाराकडून आलेली हिंदी:

‘यदि फ़िल्टर के पहले लगे हुए और फ़िल्टर के बाद लगे हुए प्रेशर गेज की रीडिंग में आधा किलो से अधिक का अंतर दिखाई दे, तो जाली को बाहर निकालकर अच्छी तरह धो लीजिए।’

मराठी वाचायला ७.३ सेकंद लागले, हिंदीला १२.४. इथे सहसा ‘हिंदीत शब्द जास्त लागतात हो’ असं म्हणून सोडून देतात. ते अर्धंच खरं आहे. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतं, ‘किलोपेक्षा’ हा एक शब्द. हिंदीत तेच ‘किलो से’, दोन शब्द. त्यामुळे शब्द मोजून वेळेचा अंदाज काढला, तर हिंदी नेहमी लांब दिसणार. मोजायचे ते उच्चारातले ठोके. लिहिलेली अक्षरं नाहीत, कारण ‘दिसला’ तीन अक्षरांचा दिसला तरी बोलताना ‘दिस्ला’ होतो, म्हणजे दोन ठोके.

आता हीच हिंदी बोलीभाषेत आणून बघा:

‘फ़िल्टर से पहले और बाद के गेज में आधे किलो से ज़्यादा फ़र्क दिखे, तो जाली निकालकर धोइए।’

मराठी वाक्यात १४ शब्द आहेत आणि या हिंदी वाक्यात १८. पण ठोके मराठीत ३२, हिंदीत २९. वाचायला ६.७ सेकंद लागले, मराठीपेक्षा कमी. म्हणजे पाच सेकंदांचा फरक हिंदीचा नव्हता. ‘यदि’, ‘लगे हुए’, ‘रीडिंग में’, ‘अच्छी तरह’ या कागदी भाषेचा होता. दोन भाषांच्या वेळेत दर दृश्यामागे पंधरा टक्क्यांपर्यंत फरक राहिला तर चालवून घ्या. त्याच्या वर गेला, तर वेग वाढवू नका, लांब असलेलं वाक्य पुन्हा लिहा.

आपल्या निवेदकाचा ठोक्यांचा वेग एकदा मोजून ठेवा. त्याला स्क्रिप्टमधला परिच्छेद अर्धा मिनिट वाचायला लावा, ठोके मोजा, तीसने भागा. वरच्या उदाहरणात तो सेकंदाला साडेचारच्या आसपास आहे, म्हणजे कामाच्या सूचना ऐकायला बरा पडेल असा सावकाश. हा आकडा हाती असला, की रेकॉर्डिंगच्या आधी कागदावरच कळतं कोणतं दृश्य बोंबलणार आहे.

खुणेचा शब्द

दृश्याची लांबी ठरवताना दोन्हींतलं लांब निवेदन धरा. इथे ते मराठी, ७.३ सेकंद. सुरुवातीला चित्र डोळ्यात भरायला ०.४ आणि शेवटी श्वास घ्यायला ०.८ सेकंद. झाले ८.५. हिंदी निवेदनही ०.४ वरच सुरू होईल, फक्त शेवटची शांतता अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त वाढेल. ती कोणाला खटकत नाही.

मजकुराला सेकंद देण्याऐवजी दोन्ही स्क्रिप्टमध्ये एकेका शब्दाखाली रेघ मारा. पहिल्या मजकुरासाठी मराठीत ‘अर्ध्या’, हिंदीत ‘आधे’. दुसऱ्यासाठी ‘जाळी’ आणि ‘जाली’. शब्द सारखेच, पण ते येतात वेगवेगळ्या क्षणी. ‘अर्ध्या’च्या आधी मराठीत १४ ठोके आहेत, ‘आधे’च्या आधी हिंदीत १०. त्यामुळे हिंदी शब्द मराठीपेक्षा जवळजवळ एक सेकंद आधी येतो. मराठीच्या वेळा जशाच्या तशा हिंदीत नेल्या, तर वाक्याची लांबी जुळूनही मजकूर मागे पडतो तो इथे. दृश्य २१ व्या सेकंदाला सुरू होतंय असं धरून नोंद अशी होते:

```
03   21.0 - 29.5
mr   24.5   फरक अर्धा किलोहून जास्त?
     27.3   जाळी धुवा
hi   23.6   फ़र्क आधे किलो से ज़्यादा?
     26.3   जाली धोइए
```

मजकूर खुणेच्या शब्दाबरोबर किंवा त्याच्या आधी फार तर ०.२ सेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर पाच फ्रेम. त्याहून आधी आणला, तर माणूस वाचायला लागतो आणि कान बंद होतात. उशिरा आला, तर मागच्या वाक्याचा वाटतो. स्क्रीनवर किती वेळ ठेवायचा यासाठी सोपी कसोटी अशी की तो सावकाश, मोठ्याने एकदा वाचा आणि वर अर्धा सेकंद द्या. तेवढी जागा मिळत नसेल, तर वेळ वाढवू नका, मजकूर कमी करा. निवेदन शब्दशः पडद्यावर उतरवायचंच नाही. आकडा आणि कृती एवढं पुरतं.

नोंदीतल्या वेळा टाइमलाइनवर घालताना एक ठेच ठरलेली असते. एडिटिंगमध्ये `00:00:03:12` दिसतं, त्यातला शेवटचा १२ म्हणजे फ्रेम. २५ फ्रेमच्या हिशेबाने तो ०.४८ सेकंद होतो. सबटायटलच्या फाइलमध्ये तीच वेळ `00:00:03,480` अशी लिहायची. कोणी १२ तसाच `03,120` म्हणून टाकला, की मजकूर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आधी येतो. प्रत्येक ओळीत चूक वेगवेगळी होत असल्याने कारणही पटकन सापडत नाही.

‘नका’ आणि ‘मत’

पाचव्या दृश्यात ताकीद आहे. ‘पंप चालू असताना फिल्टरचं झाकण उघडू नका.’ हिंदीत ‘पंप चलते समय फ़िल्टर का ढक्कन मत खोलिए।’ मराठी आणि हिंदीची वाक्यरचना बरीचशी सारखी, म्हणून इथे कोणी लक्ष देत नाही. पण मराठीत नकार सगळ्यात शेवटी येतो आणि हिंदीत क्रियापदाच्या आधी. लाल फुली मराठीत ‘नका’वर पडायची, हिंदीत ‘मत’वर, म्हणजे एक शब्द आधी. मराठीची जागा हिंदीत तशीच ठेवली, तर ‘खोलिए’ कानावर पडू लागल्यावर फुली उमटते.

यापेक्षा मोठी गडबड शब्दाशब्दाने मजकूर उमटवताना होते. मराठी आवृत्तीत क्षणभर पडद्यावर ‘झाकण उघडू’ एवढंच असतं आणि नेमका त्याच क्षणी कोणी व्हिडिओ थांबवून फोटो काढतो. नकाराचं वाक्य नेहमी एकदम, पूर्ण, फुलीसकट आणा. दोन्ही भाषांत.

अक्षराअक्षराने टाइप होतंय असा इफेक्ट तर देवनागरीत वापरूच नका. बरीच सॉफ्टवेअर ‘फिल्टर’ तीन अक्षरांचा मानत नाहीत. ती फ, ि, ल, ्, ट, र असे सहा तुकडे मोजतात आणि एकेक दाखवतात. त्यामुळे आधी ‘फ’ दिसतो, मग ‘फि’, मग ‘फिल’, मग पाय मोडका ‘फिल्’, आणि ट आल्यावर जोडाक्षर होऊन आधीचं अक्षर आकार बदलतं. मजकूर थरथरल्यासारखा दिसतो आणि शेवटचं अक्षर यायला ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. याच मोजणीमुळे सबटायटलची सॉफ्टवेअर ‘वाचायला फार वेगवान’ अशी लाल खूण दाखवत राहतात. ती मर्यादा इंग्रजीच्या हिशेबाने असते. देवनागरीसाठी वरची मोठ्याने वाचायची कसोटी जास्त भरवशाची.

आकडे आणि ‘अर्धा किलो’

स्क्रिप्टमध्ये ‘०.५’ लिहिलं, तर एक निवेदक ‘अर्धा’ वाचतो आणि दुसरा ‘शून्य दशमलव पाँच किलो प्रति वर्ग सेंटीमीटर’. तिथेच तीन सेकंद गेले. आकडे निवेदनात अक्षरी लिहा. बांधावर प्रेशर ‘किलो’तच बोललं जातं, तेव्हा आवाजात अर्धा किलो पुरे. पूर्ण एकक एकदाच, पहिल्या गेजच्या चित्रावर बारीक मजकुरात. ‘धोइए’, ‘धो लें’, ‘धोएँ’ यांतलंही एकच रूप पहिल्या दृश्यात ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘धोइए’त ‘धोएँ’पेक्षा एक ठोका जास्त आहे. आठ दृश्यांत प्रत्येकी दोन क्रिया असल्या, तर सोळा ठोके झाले, साडेतीन सेकंद.

दुसरी भाषा अहिराणी असेल तर

धुळे, अमळनेर, साक्रीकडे दाखवायचं असेल, तर आवाज अहिराणीत आणि मजकूर मराठीतच ठेवणं सोयीचं पडतं, कारण वाचायची सवय मराठीची. मग मजकूर एकच, पण त्याच्या वेळा तरीही अहिराणीच्या खुणेच्या शब्दावरूनच घ्यायच्या. ‘काढून’चं ‘काढीसन’ होतं, ठोका वाढतो. अशी रूपं एका वाक्यात दोन-तीन आली, की अर्धा सेकंद सरकतो. आणि रावेर-यावलकडे अहिराणीतला व्हिडिओ ‘गावच्या भाषेत’ म्हणून नेऊ नका. तिकडची बोली लेवा, तावडी. ऐकणारा पहिल्या वाक्याला हसतो आणि गेज राहतो बाजूला.

रेकॉर्डिंग आणि जोडणी

रेकॉर्डिंग आधी, चित्राची कापाकापी नंतर. प्रत्येक दृश्याचं निवेदन वेगळ्या फाइलमध्ये, `mr_03.wav`, `hi_03.wav` असं. सलग दीड मिनिट एका दमात रेकॉर्ड केलं, तर पुढे एका दृश्याची दुरुस्ती म्हणजे सगळ्याची उलथापालथ. दोन्ही भाषांच्या फाइल आल्या, की लांबी काढून स्क्रिप्टशेजारी लिहा:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 hi_03.wav
```

फाइलच्या दोन्ही टोकांची शांतता आधी कापून घ्या, नाहीतर हा आकडा फसवतो.

चित्र निवडताना प्रत्येक दृश्यात एक ताणता येईल असा शॉट ठेवा. नळीच्या टोकातून गढूळ पाणी वाहतंय, गेजचा काटा स्थिर आहे, असे शॉट दोन सेकंद वाढवले तरी कळत नाही. हात जाळी काढतोय हा शॉट ताणला, तर लगेच कळतं. तिसऱ्या दृश्यात उद्या मराठी वाक्य अर्ध्या सेकंदाने वाढलं, तर तो अर्धा सेकंद गेजच्या शॉटमधून काढायचा, हाताच्या शॉटला हात लावायचा नाही. शेतकरी कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय असं दृश्य दोन भाषांत जुळत नाही, ओठ उघडं पाडतात. तिथे त्याचा मूळ आवाज सेकंदभर ऐकवून हळू करा आणि वर निवेदन चढवा, किंवा कॅमेरा हातांवर न्या.

तपासणी दोन फेऱ्यांत. एकदा आवाज बंद करून फक्त मजकूर आणि चित्र बघा: फिल्टर धुवायचा क्रम, म्हणजे पंप बंद, प्रेशर उतरवणं, झाकण, जाळी, नुसत्या मजकुरावरून कळतो का? मग आवाज सुरू करून प्रत्येक खुणेच्या शब्दावर टेबलावर टिचकी मारा. टिचकी आणि मजकूर एकत्र पडले पाहिजेत. हिंदीची ही फेरी मराठी माणसाने करू नये. मराठीची सवय असलेला कान ‘मत’ची जागा चुकलेली असूनही तिला बरोबर धरून पुढे जातो.

नंतर एखादा शब्द बदलायचा झाला, म्हणजे ‘जाळी’ऐवजी ‘चकत्या’ करायचं ठरलं कारण डिस्क फिल्टर दाखवायचाय, तर बदल त्या एका दृश्याच्या दोन्ही फाइलमध्ये करा, दोन्ही पुन्हा रेकॉर्ड करा आणि त्याच दृश्याच्या खुणा पुन्हा मोजा. हद्द ८.५ सेकंदांचीच राहिली, तर बाकीच्या सात दृश्यांना हात लावावा लागत नाही.